राजीनाम्यात 'वैयक्तिक कारण' का लिहावे?

आमच्या हातात पडलेल्या नेमणूकपत्रावर पद होते 'लेखा सहाय्यक'. प्रोबेशन सहा महिने, आणि त्या काळात नोटीस पंधरा दिवसांची. 3 जूनला आम्ही रुजू झालो. तिसऱ्याच दिवशी थकीत कर्जदारांची यादी हातात देऊन सांगितले गेले, 'वसुलीला जा.' गाडी आमची, पेट्रोलही आमचेच. हिशेबाची वही आम्हाला एकदाही उघडायला मिळाली नाही.

सात आठवड्यांनी आम्ही राजीनामा लिहायला बसलो. पहिल्या मसुद्यात सवयीने लिहिले, 'वैयक्तिक कारणास्तव'. अभ्यासिकेतल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याने तो वाचून विचारले, "काम त्यांनी बदलले, मग कारण तुमचे वैयक्तिक कसे?" आम्ही रागाने दुसरा मसुदा लिहिला. त्यात 'फसवणूक' हा शब्द चार वेळा होता आणि तारीख एकही नव्हती. तोही त्यांनी परत केला. राग आपल्याला समजतो. पण उद्या हा कागद वाचणाऱ्या तिऱ्हाइताला तारखा लागतात.

शेवटी पत्र असे झाले:

"माझी नेमणूक लेखा सहाय्यक या पदावर झाली. 5 जूनपासून मला फक्त वसुलीचे काम देण्यात आले. नेमणुकीच्या पदाचे काम एकही दिवस मिळाले नाही. याबाबत मी 12 जूनच्या ई-मेलने विचारणा केली; उत्तर आले नाही. म्हणून मी आज, 21 जुलै रोजी, राजीनामा देत आहे. नोटीस काळानुसार माझा शेवटचा दिवस 5 ऑगस्ट राहील. थकीत वेतन, पेट्रोल खर्च आणि अनुभवपत्र द्यावे."

यातले 'एकही दिवस' हे शब्द आम्ही मुद्दाम घातले. बहुतेक नेमणूकपत्रांत 'कंपनीच्या गरजेनुसार इतर कामे करावी लागतील' असे कलम असते. मनुष्यबळ अधिकाऱ्याने तेच आमच्यापुढे केले. आम्ही म्हणालो, 'इतर' काम म्हणजे मूळ कामाशिवायचे. मूळ कामच दिले नाही, तर इतर कशाला म्हणायचे? "कारण काढा, वैयक्तिक लिहा, लगेच सोडतो," असेही ते म्हणाले. आम्ही पत्र ई-मेलने पाठवून छापील प्रतीवर पोच घेतली आणि पंधरा दिवस कामावर गेलो. मध्येच घरी बसलो असतो, तर नोटीसचे पैसे कापायला त्यांना आयतेच कारण मिळाले असते.

या पत्राने नुकसानभरपाई मिळाली नाही, पेट्रोलचे पैसेही नाहीत. पगार मिळाला. वेतन संहिता, 2019 च्या कलम 17 प्रमाणे राजीनाम्यानंतर देय वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यावे लागते, हे आम्ही त्यांना लेखी कळवले होते. अनुभवपत्रावर पद 'लेखा सहाय्यक' असेच आले. पुढच्या मुलाखतीत प्रश्न आला, "दोन महिन्यांत का सोडले?" आम्ही पत्राची प्रत पुढे ठेवली. 'वैयक्तिक कारण' लिहिले असते, तर तिथे आम्हीच अस्थिर ठरलो असतो.