हिरव्या खुणांमागचं पान

माझं पहिलं एसईओ ऑडिट तांब्या-पितळेच्या भांड्यांच्या एका दुकानाचं होतं. वेबसाइट लहान, जेमतेम चाळीस पानांची. मी स्क्रीमिंग फ्रॉग नावाचं सॉफ्टवेअर चालवलं. पाचशे पत्त्यांपर्यंत ते फुकट वापरता येतं. त्यातून निघालेले सगळे दोष छापून वीस पानांचा अहवाल केला आणि दुकानात नेऊन दिला. दुकानाच्या मालकांनी, काकांनी, चष्मा लावून तीन पानं चाळली आणि शांतपणे विचारलं, “यातलं मी सोमवारी काय करायचं?” मला उत्तर देता आलं नाही.

घरी येऊन अहवाल बाजूला ठेवला आणि काकांची मूळ तक्रार आठवली: ‘कल्हई करून मिळेल’ असं पान असूनही त्यासाठी कुणाचा फोन येत नाही. सर्च कन्सोलमध्ये साइटची मालकी सिद्ध केली. त्यासाठी डोमेनच्या सेटिंगमध्ये गूगलने दिलेली एक ओळ टाकावी लागते. आकडे दिसायला लागल्यावर परफॉर्मन्सचं पान उघडलं. लोकांनी काय शोधलं म्हणून ही साइट दिसली, त्याची यादी तिथे असते. यादीत फक्त दुकानाचं नाव होतं, तेही इंग्रजीत. कल्हई नाही, बंब नाही, घंगाळ नाही. म्हणजे दुकान आधीच माहीत असलेलेच लोक तिथे पोचत होते.

मी गोंधळून गेलो, कारण त्या पानावर सॉफ्टवेअरला एकही दोष सापडला नव्हता. पान उघडत होतं, शीर्षक होतं, मथळा होता, लांबीही ठीक. गूगलने ते आपल्या सूचीतही घेतलेलं होतं. शेवटी त्या पानाचा पत्ता यूआरएल इन्स्पेक्शनमध्ये टाकला आणि `View crawled page` वर क्लिक केलं. तिथे गूगलच्या हाती लागलेलं पान जसंच्या तसं दिसतं. त्यात मराठीचं एक अक्षर नव्हतं. नुसती इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याची चिन्हं.

आधी वाटलं, काहीतरी बिघडलंय. मग पानावरचं एक वाक्य कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट केलं, तर तोच कचरा. तेव्हा उलगडा झाला. साइट करताना छापील कॅटलॉगचा मजकूर डीटीपीच्या जुन्या फॉन्टसकट उचलला होता. अशा फॉन्टमध्ये आपल्याला ‘क’ दिसतो, पण संगणकाच्या लेखी तिथे एखादं इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह असतं. ग्राहक ‘कल्हई’ टाइप करतो युनिकोडमध्ये, आणि तो शब्द त्या पानावर नसतोच. शीर्षक आहे की नाही, किती लांब आहे हे सॉफ्टवेअर पाहतं, ते वाचता येतं का हे पाहत नाही. उलट अहवालात लाल दिसणारे बरेच दोष, उदाहरणार्थ एका पानावर दोन मुख्य मथळे असणं, महिनाभर तसेच राहिले असते तरी काकांचं काही बिघडणार नव्हतं.

दुसऱ्यांदा गेलो तो एकच कागद घेऊन. पण आधी काकांच्याच फोनवर ते पान उघडलं, एक ओळ बोट दाबून कॉपी करायला लावली आणि गूगलच्या चौकटीत पेस्ट करायला सांगितली. ते बराच वेळ बघत राहिले. “गूगलला माझं दुकान असं दिसतं?” माझ्या वीस पानांनी जे सांगितलं नव्हतं, ते त्या एका ओळीने सांगितलं.

कागदावर तीन कामं होती आणि प्रत्येकापुढे ते कोणी करायचं हेही लिहिलं होतं. पहिलं, सर्वात जास्त विक्रीच्या आठ पानांचा मजकूर युनिकोडमध्ये आणायचा, ते माझ्याकडे. दुसरं, तो तपासायचा, कारण रूपांतर करणारं साधन रफार आणि जोडाक्षरं चुकवतं. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये नंतर, त्यामुळे ती भलत्याच अक्षरावर जाऊन बसते. हे काम काकूंनी घेतलं. तिसरं फक्त काकांनाच जमणारं होतं: गिऱ्हाईक काउंटरवर कोणते शब्द वापरतं ते आठवडाभर वहीत टिपायचे. साइटवर ‘ताम्रपात्रे’ लिहिलेलं होतं. वहीत आलं ‘तांब्याचा हंडा’, ‘पाणी तापवायचा बंब’, ‘सतेलं’. शीर्षकं त्या शब्दांत लिहिली.

पहिला नंबर येईल असं मी म्हटलं नाही, कारण ते कुणाच्याच हातात नसतं. पानं पुन्हा तपासायची विनंती गूगलला पाठवली आणि थांबलो. फोनच्या आधी इम्प्रेशन, म्हणजे शोधात नुसतं दिसणं, वाढतं. ते कुठे बघायचं हे काकांना दाखवून ठेवलं होतं.

पाचव्या आठवड्यात त्यांनी मला बोलावून घेतलं. यादीत ‘कल्हई’ आलं होतं, थोडे क्लिकही होते. पण त्यांचं बोट खालच्या एका ओळीवर होतं: ‘बंब दुरुस्ती’. सहा वेळा दिसलेलं, क्लिक शून्य.

“हे तर आम्ही वडिलांच्या वेळेपासून करतोय,” ते म्हणाले. “साइटवर कुठे लिहिलंय?”

कुठेच नव्हतं. त्यांनी वही पुढे ओढली आणि बंबाला कुठे कुठे गळती लागते ते सांगायला सुरुवात केली.