साठ दिवस आधी

लहान कारखान्यांचे हिशेब सांभाळणं हा माझा व्यवसाय. हल्ली त्यात सॉफ्टवेअरची सबस्क्रिप्शनंही आली आहेत. पगारपत्रकाचं एक, हजेरीचं दुसरं, स्टॉकचं तिसरं. घ्यायला दहा मिनिटं लागतात. बंद करायला मात्र एक नीट लिहिलेला मेल लागतो, आणि तो लिहिणं हे मी कौशल्याचं काम मानते.

कोल्हापूरच्या एका फाउंड्रीचं उदाहरण घेते. पगारपत्रकाचं सॉफ्टवेअर पंचवीस जणांसाठी, माणशी महिना 600 रुपये. म्हणजे वर्षाचे 1,80,000 आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, एकूण 2,12,400 रुपये. मुदत 1 एप्रिल 2024 ते 31 मार्च 2025. मालकांना पुढच्या वर्षी ते नको होतं. त्यांनी कंपनीच्या विक्री प्रतिनिधीला फोनवर तसं सांगितलंही होतं. मला म्हणाले, "ताई, तो म्हणालाय, काळजी करू नका, मी बघतो." मी त्यांच्याकडे करार मागितला.

करार वाचताना मी आधी दोन कलमं शोधते. एक मुदतीचं आणि दुसरं नोटिशीचं; बहुतेक वेळा ती एकमेकांपासून लांब असतात. इथे नवव्या कलमात लिहिलं होतं की मुदत संपण्याच्या किमान साठ दिवस आधी लेखी नोटीस दिली नाही, तर करार आपोआप आणखी एक वर्ष वाढेल. लेखी म्हणजे काय आणि ती कुठे पाठवायची, हे चौदाव्या कलमात होतं: ऑर्डर फॉर्मवर दिलेल्या ई-मेल पत्त्यावर. तो पत्ता तक्रारी घेणाऱ्या सपोर्टचा नव्हता आणि त्या प्रतिनिधीचाही नव्हता. म्हणजे फोनवरचं बोलणं कितीही खरं असलं, तरी करारापुरती नोटीस दिलीच गेली नव्हती.

मग दिवस मोजायचे. 31 मार्चपासून साठ दिवस मागे गेलं की 30 जानेवारी येते. पण शेवटचा दिवस धरायचा की सोडायचा, साठ दिवस मध्ये पूर्ण मोकळे हवेत की नकोत, यावर वाद घालता येतो आणि तारीख एखाद्या दिवसाने मागे सरकते. त्या वादात पडूच नये. आम्ही 8 जानेवारीला मेल पाठवला. उत्तर आलं नाही तर पुन्हा पाठवायला हाताशी तीन आठवडे राहिले.

मेलमधलं सगळ्यात जोखमीचं वाक्य म्हणजे 'आमचं सबस्क्रिप्शन रद्द करा.' त्याचे दोन अर्थ होतात. एक, आजच बंद करा. दुसरा, मुदतीनंतर वाढवू नका. करारात या दोन्हींची कलमं वेगळी असतात. वार्षिक करार मध्येच तोडायची सोय पुष्कळदा नसतेच. आणि समोरच्या माणसाने पहिला अर्थ घेऊन खातं लगेच बंद केलं, तर मार्चचे पगार करायच्या वेळी वर्षभराची माहितीच हाती नसते. म्हणून मेल इंग्रजीत गेला तरी त्यातला आशय असा ठेवला:

"ऑर्डर फॉर्म क्रमांक अमुक, खाते क्रमांक तमुक. करारातील कलम 9.2 अन्वये ही लेखी नोटीस. सध्याची मुदत 31 मार्च 2025 रोजी संपते. त्यापुढे कराराचे नूतनीकरण करायचे नाही. 31 मार्चपर्यंत सेवा नेहमीप्रमाणे चालू ठेवावी. कृपया 17 जानेवारीपर्यंत पुढील तीन गोष्टी लेखी कळवाव्यात: ही नोटीस कोणत्या तारखेला मिळाली, सेवा कोणत्या तारखेला संपेल, आणि त्यानंतरच्या काळाचे बिल निघणार नाही."

यात कारण लिहिलेलं नाही. कलम कारण मागत नाही. 'महाग पडतं' असं लिहिलं की सवलतीचा फोन येतो, 'अमुक सोय नाही' लिहिलं की ती दाखवायला कोणीतरी भेट मागतं, आणि त्या बोलण्यात 30 जानेवारी निघून जाते. 'आम्ही बंद करण्याचा विचार करत आहोत' हेही नको. विचार म्हणजे नोटीस नव्हे. मेल मालकांच्याच पत्त्यावरून गेला, कारण करारावर सही त्यांची होती.

पोच मागतानाही शब्द जपावे लागतात. 'आपली पोच आल्यावरच ही नोटीस लागू समजावी' असं काही जण सौजन्यापोटी लिहितात. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 मधलं कलम 12 सांगतं की पाठवणाऱ्याने पोच मिळाल्यावरच संदेश बंधनकारक होईल अशी अट घातली असेल आणि पोच आली नाही, तर तो संदेश कधी पाठवलाच नव्हता असं मानलं जाईल. म्हणजे आपल्याच हाताने नोटिशीची किल्ली समोरच्याला दिली. पोच मागावी ती पुरावा म्हणून. नोटिशीची अट म्हणून कधीही मागू नये.

मेल गेल्यावर लगेच तिकीट क्रमांकाचं स्वयंचलित उत्तर आलं. मेल पोचल्याचा तो चांगला पुरावा आहे, पण विचारलेल्या तीन गोष्टींपैकी सेवा कधी संपणार आणि पुढचं बिल निघणार का, या दोन्हींचं उत्तर त्यात नव्हतं. दोन दिवसांनी प्रतिनिधीचा फोन आला, 'झालं म्हणून समजा.' मालकांनी त्याच दिवशी त्याच मेलच्या साखळीत दोन ओळी टाकल्या: आज फोनवर आपण असं म्हणालात, तेच लेखी कळवावं. पुढे उत्तर आलं की आपली विनंती संबंधित विभागाकडे पाठवली आहे. हीही पोच नाही. आपण विनंती केलेली नाही. करारातला हक्क वापरला आहे. 20 जानेवारीला पहिला मेल खाली तसाच ठेवून आठवण पाठवली आणि तीच नोटीस कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर स्पीड पोस्टानेही रवाना केली. 22 तारखेला तिन्ही गोष्टी लिहिलेलं उत्तर आलं. त्यात 31 मार्च ही तारीख अंकात होती, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

कार्डावरून आपोआप पैसे जाण्याची परवानगी आम्ही त्यानंतर काढली. पुष्कळ जण आधी तीच काढतात आणि करार संपला असं समजतात. बँकेतली परवानगी काढल्याने पैसे जाण्याची वाट बंद होते, देणं मात्र करारानुसार उभंच राहतं. पुढच्या वर्षाचं बिल थकबाकी म्हणून येऊ शकतं. ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी कारणासाठी घेतलेल्या सेवेबाबत 'ग्राहक' म्हणून दाद मागणं अवघड असतं. म्हणून कारखान्याचा खरा आधार करारातलं ते कलमच.

या मेलला मर्यादाही आहे. 30 जानेवारी उलटून गेली असती, तर कितीही नेमका मेल उपयोगी पडला नसता. मग उरते ती विनवणी: निम्म्या लोकांपुरतं चालू ठेवा, सहा महिन्यांचंच घ्या. अशा वेळी कलमाचा हवाला देऊ नये, कारण कलम त्यांच्या बाजूचं असतं.

आलेलं उत्तर मी मूळ मेलसकट फाइल म्हणून उतरवून करारासोबत ठेवते. नुसता स्क्रीनचा फोटो पुरत नाही. त्यात कोणत्या पत्त्यावरून कोणत्या पत्त्यावर, केव्हा, हा तपशील राहत नाही. दोन वर्षांनी वसुलीचं पत्र आलं, तर ते वाचणारा तिकडचा माणूस नवा असेल, इकडचा हिशेबनीसही कदाचित नवा असेल. त्या दोघांना कोणालाही काही न विचारता कळावं, इतकं त्या साखळीत असलं पाहिजे. आता त्या फाउंड्रीत नव्या करारावर सही झाली की मालक त्याच बैठकीत नोटिशीची शेवटची तारीख काढून घेतात आणि तिच्या तीन आठवडे आधीच्या दिवसावर माझं नाव लिहितात.