न छापलेली ओळ

संहिता वाचताना जे लिहिले आहे त्याच्याइतकेच जे लिहिलेले नाही त्याच्याकडेही लक्ष द्यावे, असे आम्ही दोघे वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो. स्वतःच्या दलालाने पाठवलेले विवरणपत्र मात्र आम्ही फक्त शेवटचा आकडा पाहून मिटत होतो. 31 मार्च 2025 रोजी तो आकडा महिन्याच्या आरंभापेक्षा 12,166 रुपयांनी वाढलेला होता. ऑप्शनचे तीनच व्यवहार आम्ही केले होते, आणि तिन्ही मिळून आपण नफ्यात आहोत अशी आमची समजूत झाली. विवरणपत्राची ओळन् ओळ वाचायला बसलो ते मे महिन्यात, विवरणपत्र भरण्याची वेळ जवळ आली म्हणून.

पहिला व्यवहार सरळ होता. 17 मार्चला निफ्टीचा 22,500चा कॉल, म्हणजे त्या पातळीला निर्देशांक घेण्याचा हक्क, आम्ही 120 रुपये प्रीमियम देऊन घेतला आणि त्याच दिवशी 124ला विकला. तेव्हा एका लॉटमध्ये 75 नग असत. म्हणून 9,000 रुपये गेले, 9,300 आले. पडद्यावर 300 रुपये हिरव्या अक्षरांत दिसले. कॉन्ट्रॅक्ट नोट मात्र तिथे थांबत नाही. खरेदीची व विक्रीची दलाली प्रत्येकी 20 रुपये. विक्रीच्या प्रीमियमवर त्या काळच्या 0.1 टक्का दराने रोखे व्यवहार कर 9 रुपये. शेअर बाजाराचे व्यवहार शुल्क दोन्ही बाजूंच्या प्रीमियमवर, 6 रुपये 41 पैसे. दलाली आणि हे शुल्क यांवर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 8 रुपये 36 पैसे. उरले मुद्रांक शुल्क आणि सेबीचे शुल्क, ते काही पैशांचे. एकूण 64 रुपये. हाती राहिले 236. नफ्याचा पाचवा हिस्सा बारीक टाइपातल्या ओळींत गेला होता. दलाली ठरावीक असल्याने व्यवहार जितका लहान तितका तिचा भार मोठा, हे तेव्हा प्रथम जाणवले.

दुसऱ्या व्यवहाराची खरेदीची ओळ सापडली, विक्रीची सापडेना. त्याच दिवशी 22,200चा पुट 40 रुपयांना घेतला होता. 20 मार्चला त्याची मुदत संपली, निफ्टी 23,000च्याही वर बंद झाला आणि आमचा हक्क निरर्थक ठरला. विक्री झालीच नाही, म्हणून विक्रीची नोंद नाही आणि विक्रीवरचा करही नाही. 3,000 रुपये आणि खरेदीचा 25 रुपये खर्च असा 3,025 रुपयांचा तोटा कॉन्ट्रॅक्ट नोटेत एकाही ओळीने सांगितलेला नव्हता. तो दिसला नफा-तोटा अहवालात, जिथे विक्रीमूल्याच्या रकान्यात शून्य होते. केवळ कॉन्ट्रॅक्ट नोटांची बेरीज करणाऱ्याला हा व्यवहार अजून चालूच आहे असे वाटेल.

तिसरी ओळ सर्वांत फसवी. 26 मार्चला एप्रिलचा 24,000चा कॉल आम्ही आधी विकला होता, 200 रुपयांना. खर्च वजा जाता 14,955 रुपये लेजरमध्ये जमेच्या बाजूला आले. आमची 12,166ची वाढ ती हीच. पण ही मिळकत नव्हे. विकलेला हक्क परत विकत घेईपर्यंत किंवा त्याची मुदत संपेपर्यंत ती एक जबाबदारी असते, आणि त्यासाठी दलालाने आमची मोठी रक्कम मार्जिन म्हणून अडकवूनही ठेवली होती. 22 एप्रिलला तो कॉल आम्ही 230ला परत घेतला. 17,250 रुपये गेले. दोन्ही बाजूंचा 76 रुपये खर्च धरून तोटा 2,326.

आता हिशेब नीट मांडला. मार्चअखेर खरोखर पूर्ण झालेले व्यवहार दोनच. 236मधून 3,025 वजा केले की 2,789 रुपयांचा तोटा. तिसऱ्याचा तोटा पुढच्या आर्थिक वर्षातला. आयकर कायदा अशा व्यवहारांना व्यवसाय मानतो. त्यामुळे पगारदारांचा नेहमीचा सोपा फॉर्म आम्हाला चालला नाही, ITR-3 भरावा लागला. रोखे व्यवहार करासह सारे खर्च त्यात वजा करता आले. मात्र हा तोटा पगारातून वजा होत नाही. विवरणपत्र मुदतीत भरले तरच तो पुढील आठ वर्षे व्यवसायाच्या नफ्यासमोर लावता येतो.

रक्कम आमच्यासाठी फार मोठी नव्हती. पण त्या 12,166च्या भरवशावर एप्रिलमध्ये दोन लॉट घ्यायचे आम्ही जवळजवळ ठरवले होते. आता कॉन्ट्रॅक्ट नोट, नफा-तोटा अहवाल आणि लेजर हे तिन्ही कागद आम्ही शेजारी ठेवतो आणि प्रत्येक खरेदीसमोर तिची विक्री, प्रत्येक विक्रीसमोर तिची खरेदी शोधतो. जिला जोडीदार सापडत नाही, त्या ओळीपाशी थांबतो.