आजीची खिडकी आणि हिरवी भिंत

एका बांधकाम कंपनीच्या जाहिरातीसाठी मी मजकूर लिहीत होते. सोबत कॉम्प्युटरवर बनवलेलं चित्र होतं: सात मजली इमारत, वरपासून खालपर्यंत हिरवीगार. मी मोबाइल आजीपुढे धरला. तिने चष्मा वर-खाली केला आणि विचारलं, "अगं, यात खिडक्या कुठे गेल्या? आणि इतक्या झाडांना पाणी कोण घालतं?"

मजकूर तसाच राहिला. त्या दोन प्रश्नांची उत्तरं मला आमच्याच घरात शोधावी लागली.

पाटनमधलं आमचं घर जुनं आहे. आजीची खोली पश्चिमेकडे, त्यामुळे मे महिन्यात दुपारनंतर भिंतीला हात लावला तर चटका बसतो. वर्षांपूर्वी तिथे मधुमालती चढवली होती. सावली मिळाली, पण वेलीने खिडकीही गिळली. खोलीत दिवसा दिवा लावावा लागे आणि पावसाळ्यात भिंतीला ओल धरे. शेवटी बाबांनी वेल काढली. म्हणून या वेळी आजीची एकच अट होती, "माझी खिडकी झाकायची नाही."

लोखंडाची जाळी भिंतीपासून 10 सेंटिमीटर पुढे बसवली, म्हणजे मागून वारा फिरेल आणि भिंत भिजणार नाही. तिच्यावर 8 उभ्या आणि 9 आडव्या ओळी आखल्या. खिडकीसाठी मधली 24 घरं सोडली, म्हणजे चौकटीभोवती वीतभर जागा मोकळी राहिली. उरलेल्या 48 घरांत लहान कुंड्या बसवल्या. एका चौरस मीटरला 16 कुंड्या झाल्या.

पहिल्या दिवशी भिंत विरळ दिसत होती. काळे पाइप, जाळी, सगळं उघडं. मला आणखी कुंड्या लावायचा मोह झाला. नर्सरीतल्या काकांनी अडवलं, "ताई, तीन महिने थांबा. आत्ता दाटी केली तर आतली पानं पिवळी पडतील आणि पांढरा मिलीबग लागेल."

खरी फजिती पाण्याने केली. गच्चीवरच्या टाकीतून पाइप आणला, प्रत्येक कुंडीत तासाला दोन लिटरचा ड्रिपर लावला. दोन आठवड्यांत वरच्या ओळीतलं सिंगोनियम सुकलं आणि खालच्या ओळीतली मुळं कुजून वास येऊ लागला. एकाच भिंतीवर दुष्काळही आणि पूरही!

कारण कळायला वाटी पुरली. दहा मिनिटं ड्रिपरखाली वाट्या धरल्या. हिशेबाने प्रत्येकीत 330 मिलिलिटरच्या आसपास पाणी यायला हवं होतं. वरच्या ओळीत जेमतेम 100 आलं, तळाला 180. असा ड्रिपर सांगितलेलं पाणी देतो तो साधारण 10 मीटर उंचीवरून येणाऱ्या दाबाला. आमची टाकी वरच्या ओळीपेक्षा फक्त एक मीटर उंच होती आणि तळाच्या ओळीपेक्षा तीन. शिवाय वरच्या कुंड्यांतून निथळलेलं पाणीही खालच्या कुंड्यांतच पडत होतं.

मग छोटा पंप, जाळीचा फिल्टर आणि टायमर बसवला. कमी-जास्त दाबातही सारखंच पाणी देणारे ड्रिपर लावले. आता उन्हाळ्यात पंप दिवसातून तीनदा, चार-चार मिनिटं चालतो. एका कुंडीला दिवसाला सुमारे 400 मिलिलिटर, सगळ्या भिंतीला 19 लिटर, म्हणजे एक मोठी बादली. महिन्यातून एकदा मी पुन्हा वाट्या धरते. बोअरच्या पाण्यातला क्षार ड्रिपरमध्ये साचतो, आणि पान सुकण्याच्या आधी ते वाटीत दिसतं.

हीच गोष्ट मोठ्या इमारतीत कशी करतात, हे हैदराबादच्या केएमसी कार्यालयाच्या फोटोंत पाहिलं. वास्तुविशारद राहुल मेहरोत्रा यांच्या मुंबईतल्या कार्यालयाने ती 2012 च्या सुमारास पूर्ण केली. आत काँक्रीटची इमारत आणि तिच्या नेहमीच्या खिडक्या. बाहेर अ‍ॅल्युमिनियमची जाळी, त्यात झाडांचे ट्रे, ठिबकाचे पाइप आणि पाण्याचे तुषार सोडणारी यंत्रणा. मधल्या अरुंद वाटेवरून माळी फिरतात. आजीला फोटो दाखवले, तर ती माळ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "हे बघ, पाणी घालणारा सापडला."

आमच्या भिंतीवर अजून दोन-तीन ठिकाणी पाइप दिसतो. मी तो झाकत नाही, कारण गळती तिथेच आधी कळते. दुपारी आजी खिडकीशी बसून तांदूळ निवडते. कडेने पानं हलतात, पण ताटात उजेड पुरेसा असतो.

जाहिरातीचा मजकूर मी नंतर पूर्ण केला. सोबत एक ओळ पाठवली, "चित्रात खिडक्या आणि पाण्याचे पाइप दाखवाल का?" उत्तराची वाट बघते आहे.