बोळातील ओटा

आमचे घर धुळ्याच्या जुन्या वस्तीत आहे. ज्यांनी हे शहर पाहिले आहे त्यांस तेथील क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या लांबच लांब गल्ल्या ठाऊक असतीलच. त्या गल्ल्या रुंद व सरळ आहेत. परंतु दोन घरांच्या मध्ये जे बोळ राहिले आहेत त्यांना मात्र ना रुंदी ना सरळपणा. आमच्या घराचा दर्शनी भाग माझ्या आजोबांच्या वेळेपासून एका शिंप्यास दुकानासाठी भाड्याने दिलेला असल्यामुळे आम्हां घरच्या माणसांची रोजची जा-ये पाच फूट रुंदीच्या एका बोळातूनच होत असे. बोळ संपला की आमचे परस लागे, व परसातून दगडी जिना चढून गच्चीवर जाता येई.

खानदेशात उन्हाळ्यातील गच्ची म्हणजे घराची एक खोलीच होय. दिवसा तेथे बिबड्या, कुरडया व पापड वाळतात, आणि रात्री घरातील लहानथोर सारी माणसे तेथे निजतात. मे महिन्यात दुपारचा पारा चव्वेचाळीस अंशांपर्यंत गेला म्हणजे भिंती मध्यरात्रीपर्यंत निवत नाहीत. मग खाली निजण्याचा हट्ट कोण धरील?

बोळाच्या दुसऱ्या बाजूस नानांचे घर. नाना आम्हांस परके नव्हते. दिवाळीच्या फराळाचे ताट प्रथम त्यांच्याकडे जाई, व माझ्या आजीस ते ‘माय’ म्हणूनच हाक मारीत. सन 2014 च्या मार्च महिन्यात त्यांनी माडीवर एक खोली चढविण्यास आरंभ केला. प्रथम बोळात विटा आल्या. मग वाळू आली, दोन पिंपे आली, आणि मुलाने नवी मोटारसायकल घेतली तीही तेथेच उभी राहू लागली. आम्ही अंग चोरून जाऊ लागलो. आई म्हणे, “बांधकाम आहे, दोन महिन्यांचा प्रश्न.” तिचे म्हणणे खोटे नव्हते, कारण विटा या आज ना उद्या भिंतीत जाणाऱ्याच वस्तू.

मे महिन्याच्या मध्यास एके रात्री गच्चीवर आजीच्या छातीत दुखू लागले. तिला बाजेवर घालून चौघांनी जिन्यावरून खाली आणले. परंतु बोळात येताच बाज अडली. पिंपांपाशी अवघी दीड फूट वाट उरली होती. नानाच हाक ऐकून धावत आले व त्यांनी अंधारात पिंप लोटले. तोवर दादांनी आजीला बाजेवरून उचलून पाठीवर घेतले होते. दवाखान्यातून ती दोन दिवसांनी सुखरूप परत आली. पित्त झाले होते, दुसरे काही नव्हते. मी त्या वेळी नववीत होतो. भिंतीला हात लावीत दादा बोळातून कसे गेले ते मला अजून दिसते.

आता सर्व काही आपोआप नीट होईल अशी आमची समजूत झाली. परंतु त्याच आठवड्यात नाना ओसरीवर येऊन दादांस सहज म्हणाले, “ह्या बोळाच्या कडेला दोन फुटांचा पक्का ओटा बांधून घेतो, म्हणजे गाडी ओट्यावर राहील नि पिंपेही. तुमची काही हरकत नाही ना?” दादा भिडस्त. “बघू” एवढेच ते बोलले, व तेवढेच बोलले हे आमचे भाग्य. कारण त्यांच्या मनात “खुशाल बांधा” असे म्हणायचे होते, हे त्यांनी मागाहून कबूल केले.

सायंकाळी दादांनी अण्णांस बोलावले. अण्णा म्हणजे आमचे दूरचे नातलग. त्यांचा सारा जन्म दिवाणी न्यायालयात कारकुनी करण्यात गेला होता. ते आले व चहा घेण्यापूर्वीच म्हणाले, “कागद काढा.” आजोबांचे 1961 सालचे खरेदीखत निघाले. दादांनी सिटी सर्व्हेच्या कचेरीतून मालमत्ता पत्रक व नकाशा आणला. तेव्हा आम्हांस प्रथमच कळले की बोळाची जागा नानांच्या मिळकतीत मोडते. आमच्या खतात ‘सामाईक बोळ’ असा शब्द कोठेही नव्हता. तो असता तर प्रश्न सोपा होता. सामाईक जागा एका भागीदारास दुसऱ्यास वगळून अडविता येत नाही. येथे मात्र जमीन त्यांची आणि वाट आमची, असा पेच होता. दादांचे तोंड उतरले.

अण्णा मात्र हसले. 1882 साली ईझमेंटचा, म्हणजे दुसऱ्याच्या जागेवरील वहिवाटीच्या हक्कांचा, एक कायदा झाला व 1891 साली तो मुंबई इलाख्यास लागू करण्यात आला, तो त्यांस जवळजवळ पाठ होता. त्याच्या पंधराव्या कलमाचा भावार्थ त्यांनी असा सांगितला: जो मनुष्य दुसऱ्याच्या जमिनीवरून उघडपणे, तंटा न करता, आपला हक्क समजून, खंड न पडता वीस वर्षे जातो येतो, त्यास तसे जाण्याचा हक्क प्राप्त होतो. आम्ही तर त्रेपन्न वर्षे जात होतो. परंतु ‘हक्क समजून’ ह्या दोन शब्दांवर त्यांनी बोट ठेवले. मालकाच्या परवानगीने वा मेहरबानीने गेलेली वर्षे ह्या हिशेबात धरली जात नाहीत, मग ती पन्नास का असेनात.

आणखी दोन गोष्टी त्यांनी समजाविल्या. वाट कोणी अडविली म्हणून वहिवाटीत लगेच खंड पडला असे होत नाही; परंतु अडथळा व तो करणारा, दोन्ही ठाऊक असून आपण वर्षभर निमूटपणे सोसले, तर तो खंड ठरतो. म्हणून तोंडाने कुरकुरत राहण्यापेक्षा तारीख घातलेला एक कागद अधिक मोलाचा. दुसरे असे की, ज्या पक्क्या बांधकामामुळे आपली वाट कायमची बंद होणार आहे ते करण्यास आपणच स्पष्ट संमती दिली व तसे ते बांधले गेले, तर आपला हक्क आपण सोडून दिला असे कायदा मानतो. म्हणजे पिंपे नि विटा ही एक गोष्ट, आणि ओटा ही अगदी निराळी गोष्ट. “खुशाल बांधा” हे दोन शब्द किती महाग पडले असते हे तेव्हा दादांस उमगले.

पत्र लिहावयाचे ठरले. दादांनी पहिला मसुदा केला तो फार गोड होता. त्याचे पहिलेच वाक्य असे होते: ‘आपण आजवर कृपाळू होऊन आम्हांस आपल्या बोळातून जाऊ दिलेत, याबद्दल आम्ही ऋणी आहोत.’ अण्णांनी ते वाचले, चष्मा काढला, आणि पेन्सिलीने ते सबंध वाक्य खोडले. “ही कृपा लिहून दिलीत की तुमची त्रेपन्न वर्षे गेली,” ते म्हणाले. दादा वरमले. मग त्यांनी रागारागाने दुसरा मसुदा केला. त्यात आजीच्या त्या रात्रीचे वर्णन होते व ‘आपल्या निष्काळजीपणामुळे’ असे शब्द होते. तोही अण्णांनी नापसंत केला. पिंप लोटावयास नाना स्वतः धावले होते. त्यांच्या हेतूवर बोट ठेवण्याचे कारण काय? जागा, वहिवाट, अडथळा, मागणी आणि मुदत एवढेच लिहावे, आणि आपण काय देऊ शकतो तेही लिहावे. मग दादांनी बोळ टेपाने मोजला, ओळखीच्या मुलाकडून त्याची छायाचित्रे काढवून घेतली, आणि तिसरे पत्र लिहिले ते असे:

‘दि. 25 मे 2014. ती. नाना यांस सा. न. वि. वि. आपल्या व आमच्या घरांमधील पाच फुटी बोळातून आमचे कुटुंब सन 1961 पासून आपल्या हक्काने अखंड जात येत आहे. सध्या तेथे विटा, वाळू, दोन पिंपे व मोटारसायकल असल्याने काही ठिकाणी दीड फूटच वाट उरते. आपण दोन फुटी पक्का ओटा बांधण्याविषयी विचारले होते. त्यास आमची संमती नाही. कृपा करून रविवार दि. 8 जूनपर्यंत बोळ पूर्ववत मोकळा करावा. बांधकाम पुरे होईतो विटा व वाळू आमच्या परसात, पूर्वेच्या भिंतीलगत ठेवाव्या; त्याचे आम्ही काही घेणार नाही. माय आता बरी आहे, आपली आठवण काढते. कळावे, लोभ असावा.’

पत्राच्या दोन प्रती केल्या. दादा स्वतः सकाळी नऊच्या सुमारास, नानांची पूजा व न्याहारी आटोपल्यावर, घेऊन गेले; मला बरोबर नेले. ओसरीवर कोणी बाहेरचे बसलेले नाही हे त्यांनी आधी पाहिले. नानांनी पत्र वाचले. ‘संमती नाही’ येथे त्यांची नजर थांबली. “माझ्याच जागेत मी ओटा बांधू नको?” असे ते जरा चढ्या आवाजात म्हणाले. दादांनी वाद घातला नाही. “नाना, जागा तुमचीच, मी नाही कुठे म्हणतो? वाट तेवढी आमची आहे,” एवढे बोलून त्यांनी दुसरी प्रत पुढे केली व पत्र पोचल्याची सही मागितली. सही करावयास नाना तयार नव्हते. तेव्हा दादांनी आग्रह न धरता ती प्रत दुसऱ्या दिवशी पोचपावतीसह टपालाने धाडली.

त्यानंतरचे दहा दिवस कठीण गेले. नाना बोलत नसत, मी बोळातून जाताना मोटारसायकलीस धक्का लागू नये म्हणून श्वास रोखून धरी, आणि मधल्या काळात अण्णा वकिलामार्फत नोटीस व मनाई हुकमाचा दावा ह्या पुढच्या पायऱ्या दादांस समजावीत बसत. (माझ्या खेड्यातील सोबत्यांसाठी येथे एक गोष्ट सांगून ठेवितो: शेतावर जाण्याची वहिवाटीची वाट कोणी अडविली तर 1906 च्या मामलेदार न्यायालयाच्या कायद्याखाली तहसीलदाराकडे जाता येते, परंतु अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. घराच्या बोळास ती सोय नाही. तेथे दिवाणी न्यायालयच.)

कोंडी फोडली ती आमच्या आजीने. बिबड्या वाळवून खाली आणताना ती बोळात थांबली व नानांच्या दाराकडे तोंड करून म्हणाली, “नाना, हाऊ बोळ तुमना बी शे, आमना बी शे. बिबड्या नेऊ कथाईन?” नानी आतून हसल्या. त्याच संध्याकाळी नाना आमच्या परसाची पूर्वेची भिंत पाहून गेले. पाच जूनला विटा तेथे आल्या. पिंपे माडीवर चढली. मोटारसायकल मात्र काही केल्या जागा सोडीना. ती पावसात भिजेल हे नानांचे म्हणणेही खरेच होते. शेवटी शिंप्याच्या दुकानाच्या पडवीत रात्रीपुरती तिची सोय झाली, आणि आठ जूनच्या रविवारी दादांनी बोळ पुन्हा मोजला तेव्हा तो पाच फूट भरला.

ओटा झाला नाही. पत्राची प्रत, टपालाची पोचपावती व ती छायाचित्रे आजोबांच्या खरेदीखताबरोबर एकाच फडक्यात बांधून ठेविली आहेत. आजी पुढे चार वर्षांनी वारली. तिला बोळातून बाहेर आणताना तिरडीचा पुढचा खांदा नानांच्या मुलाने दिला होता. आणि चारही माणसे सरळ, अंग न चोरता चालत बाहेर आली.