तटावरचा लेख आणि तवारीख

आज विद्यार्थ्यांस कृष्णराजेंद्र बाजारालगतच्या बेंगळुरूच्या किल्ल्यात नेले. 21 मार्च 1791 रोजी इंग्रजी हल्ला याच खिंडारातून झाला, एवढेच तटावरचा लेख सांगतो. टिपूच्या पदरी असलेला किरमाणी मात्र, टिपूच्या पतनानंतर लिहिलेल्या फारसी तवारिखेत, किल्ला पडल्याचा दोष कृष्णराव नामक अधिकाऱ्याच्या फितुरीवर ठेवतो. जेत्यास आपल्या तोफांचा पराक्रम प्रिय, पराभूतास विश्वासघाताचा आधार. म्हणून कारणमीमांसेत दोघांचीही साक्ष तपासल्यावाचून स्वीकारू नये, असे मी मुलांस सांगितले. परंतु किल्लेदार बहादूर खान झुंजताना पडला, हे खुद्द इंग्रज लेखकच आदराने नमूद करतात, आणि शत्रूच्या शौर्याची ही अनाहूत कबुली मला सर्वाधिक विश्वसनीय वाटते. फितुरीची रुजुवात मात्र समकालीन पत्रांवाचून होणे नाही.