मधला दगड कुठे रोवायचा?



बारावीला इंटिग्रेशन शिकवताना मी बरीच वर्षं एक वाक्य अगदी सहज बोलत आले: "मध्ये कोणताही स्थिरांक घ्या, काही फरक पडत नाही." आणि फळ्यावर मात्र दरवेळी 0 च लिहायचे. हे चुकीचं आहे, हे मला एका विद्यार्थिनीने दाखवून दिलं. गंमत म्हणजे त्या दिवशी उत्तर बरोबर आलं होतं.

आधी विषय थोडक्यात सांगते. निश्चित इंटिग्रल म्हणजे वक्राखालचं क्षेत्रफळ, आणि अवकलन म्हणजे ते कोणत्या दराने बदलतं ते. इथे मी ∫[a, b] असं लिहीन. आधी खालची लिमिट, मग वरची. खालची लिमिट स्थिर आणि वरची x असेल, तर काम सोपं आहे. ∫[c, x] f(t) dt चं अवकलन f(x). उजवी कड थोडी सरकली की f(x) उंचीची एक बारीक पट्टी वाढते, एवढंच त्यामागचं कारण.

पण दोन्ही लिमिट x बरोबर हलत असतील तर? उदाहरणार्थ,

G(x) = ∫[x, x²] sin(t²) dt

आधी इंटिग्रल सोडवू आणि मग अवकलन करू, असं इथे जमत नाही, कारण sin(t²) चं इंटिग्रल नेहमीच्या फंक्शन्समध्ये लिहिताच येत नाही. म्हणून आपण मध्ये एक स्थिर बिंदू घेऊन दोन तुकडे करतो:

G(x) = ∫[x, 0] sin(t²) dt + ∫[0, x²] sin(t²) dt

पहिल्या तुकड्यात x खाली आहे. लिमिट उलटवल्या की उणे चिन्ह येतं, म्हणून त्याचं अवकलन −sin(x²). दुसऱ्यात वर x² आहे. t च्या जागी x² ठेवला की sin(x⁴), आणि वरची कड स्वतः 2x या दराने सरकते, म्हणून चेन रूलने 2x ने गुणायचं.

G′(x) = 2x·sin(x⁴) − sin(x²)

मुलांना मी हे रस्त्याच्या भाषेत सांगते. एकाच रस्त्यावर दोन गाड्या धावताहेत आणि त्यांच्यातलं अंतर कसं बदलतं ते हवं आहे. रस्त्याकडेला मैलाचा एक दगड धरा, प्रत्येक गाडीचं अंतर त्या दगडापासून मोजा आणि वजाबाकी करा. दगड दोन गाड्यांच्या मध्येच असला पाहिजे असंही नाही. दोन्ही गाड्या त्याच्या पुढे गेल्या असल्या तरी वजाबाकी बरोबरच येते.

त्या दिवशी मी पुढचं गणित दिलं, x > 0 साठी:

F(x) = ∫[x, 2x] (1/t) dt

बऱ्याच मुलांनी 1/(2x) − 1/x = −1/(2x) असं लिहिलं. 2x ची कड दुप्पट वेगाने सरकते, तो 2 ने गुणाकार राहिला. ही चूक आकड्यांनी लगेच पकडता येते. 1 ते 2 मधलं क्षेत्रफळ सुमारे 0.693, आणि 10 ते 20 मधलंही 0.693 च. पट्टा दहापट रुंद झाला, पण उंची दहापट कमी झाली. F बदलतच नाही, मग अवकलन ऋण कसं असेल? बरोबर उत्तर 2·1/(2x) − 1/x = 0.

एका मुलीच्या वहीत 0 च उत्तर होतं. तिने माझ्यासारखाच मध्ये 0 घेऊन ∫[x, 0] आणि ∫[0, 2x] असे तुकडे केले होते. मी बरोबरची खूण केली आणि पुढे निघाले, तर ती म्हणाली, "मॅडम, पण t = 0 ला 1/t आहेच कुठे? मग हे दोन तुकडे तरी आहेत का?"

मी थांबले. तिचं खरं होतं. 0.1 ते 1 मधलं 1/t चं क्षेत्रफळ सुमारे 2.303. 0.01 पासून घेतलं तर 4.605, 0.001 पासून घेतलं तर 6.908. 0 च्या जवळ जाताना दर पायरीला तेवढीच भर पडते आणि बेरीज कुठेच थांबत नाही. म्हणजे ∫[0, 2x] ला किंमतच नाही. आमचा दगड बरोबर कोसळलेल्या पुलावर रोवला होता, आणि तिथून आम्ही अंतर मोजत होतो.

दगड 1 वर हलवला की सगळं जागेवर येतं. F(x) = ∫[1, 2x] − ∫[1, x], अवकलन 1/x − 1/x = 0. x = 5 घेतलात तर 1 हा 5 ते 10 च्या बाहेर आहे, तरी चालतं: 2.303 − 1.609, म्हणजे जवळपास 0.693 च.

मागच्या बाकावरून प्रश्न आलाच, "मॅडम, उत्तर तर तेच आलं, मग काय बिघडलं?" तेव्हा मी फळ्यावर एकच बदल केला, x > 0 च ठेवून:

H(x) = ∫[−x, 2x] (1/t) dt

सूत्रात घातलं: वरच्या कडेचं 2·1/(2x) = 1/x. खालच्या कडेचं (−1)·1/(−x) = 1/x. वजाबाकी 0. पुन्हा तेच सुरेख 0! पण इथे −x ते 2x या वाटेत 0 येतोच. डावीकडचं क्षेत्रफळ उणे बाजूला अमर्याद जातं, उजवीकडचं अधिक बाजूला. H(x) नावाची संख्याच नाही, तर तिचं अवकलन कुठून आणणार? आणि इथे दगड कुठेही हलवला तरी उपयोग नाही, कारण दोन गाड्या तुटलेल्या पुलाच्या दोन बाजूंना आहेत. F चं 0 खरं, H चं 0 खोटं, आणि सूत्र मात्र दोन्हीकडे सारख्याच आत्मविश्वासाने उत्तर देतं.

तेव्हापासून "कोणताही स्थिरांक" हे वाक्य मी सोडून दिलं. आता आम्ही तुकडे करण्याआधी एक ओळ लिहितो: आतलं फंक्शन कुठून कुठपर्यंत सलग आहे, आणि दोन्ही लिमिट व c त्याच एका पट्ट्यात आहेत का? sin(t²) सगळीकडे सलग, म्हणून तिथे 0 चालला. 1/t साठी x धन असेल तर c धन घ्यायचा. x ऋण असेल तर ∫[x, 2x] पूर्ण 0 च्या डावीकडे असतं, तिथे c = −1 घ्यायचा. 

शिक्षकांनो, वर्गात F आणि H शेजारी शेजारी देऊन पाहा, आणि उत्तर तपासण्याआधी मुलांना विचारा, "दगड कुठे रोवलास?" पालकहो, पाल्याच्या वहीत उत्तर बरोबर असूनही बाईंनी ही ओळ लिहिली नाही म्हणून गुण कापलेले दिसले, तर त्याचं कारण हे आहे. त्या मुलीला मात्र मी त्या दिवशी सगळ्यांसमोर सांगितलं की खूण परत घेते, आणि चूक तुझी नाही, माझ्या फळ्यावरची आहे.